मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं: घरात काय बदलायचं आणि कसं

माझी लेक सिनियर केजीत होती तेव्हाची गोष्ट. सकाळचे साडेसहा, भांडुपचं आमचं घर. डबा भरता भरता मी विचारलं, "बाटली घेतलीस का गं?" बुटात पाय घालता घालता ती म्हणाली, "आय विल टेक इट आफ्टर." मी पुढचंही मराठीत विचारलं, तिने पुढचंही उत्तर इंग्रजीत दिलं. असं बराच वेळ चाललं आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. गावाहून आलेल्या माझ्या सासूबाई तिथेच चहा घेत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हिला माझ्याशी बोलायचं नसतं का?"

साडेतीन वर्षांची होईपर्यंत हीच मुलगी घडाघडा मराठी बोलायची. मी स्वतः इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत शिकवते, त्यामुळे हे किती घरांत होतं ते मला ठाऊक होतं. मूल शाळेत जायला लागतं आणि दीड-दोन वर्षांत मराठी त्याच्या कानात राहते, तोंडातून जाते. समजतं सगळं, बोलत काहीच नाही. साधारण चार ते आठ या वयात हे सुरू होतं आणि तेव्हाच हालचाल केली तर परत वळवता येतं. आम्ही ते कसं केलं, काय चुकलं, आणि शाळेच्या फाटकाशी पालक मला जे विचारतात त्याला मी काय सांगते, ते इथे लिहिते आहे.

आधी एक आठवडा वही लिहा

"आमच्या घरी मराठीच बोलतात" असं जवळपास प्रत्येक आई-बाबा सांगतात. मीही सांगायचे. खरं किती बोलतात ते लिहून काढल्याशिवाय कळत नाही. एक साधी वही घ्या आणि सात दिवस तीनच गोष्टी लिहा: वेळ, मूल कोणाबरोबर होतं, आणि त्याच्याशी कोणत्या भाषेत बोललं गेलं.

आमचा हिशेब असा निघाला. लेक रोज साधारण १५ तास जागी, म्हणजे आठवड्याचे १०५ तास. शाळा आणि स्कूलबस मिळून रोजचे ७ तास, तिथे इंग्रजी आणि मुलांमुलांत हिंदी. पाळणाघर ३ तास, तिथल्या मावशी हिंदीत बोलायच्या. उरले ५. त्यातला दीड तास कार्टून, एक तास गृहपाठ. राहिलेल्या अडीच तासांत अंघोळ, जेवण, आवराआवर, झोपणं, आणि त्यातही आमची धेडगुजरी. निव्वळ मराठी संवाद म्हणावा असा जेमतेम एक तास. पाच दिवसांचे ५ तास, शनिवार-रविवारचे ४-४ धरून आणखी ८. एकूण १३ तास, १०५ मधले.

बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मायामीतल्या स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वाढणाऱ्या लहानग्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांच्या कानावर एखादी भाषा एकूण ऐकण्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी पडत होती, ती मुलं ती भाषा आपणहून बोलायला फारशी राजी नव्हती, असं त्यात दिसलं. अभ्यास छोटा होता, त्यामुळे ही काही पक्की रेषा नव्हे. पण अंदाजाला मला ती उपयोगी वाटते. १०५ चा पाचवा हिस्सा २१ होतो. आम्ही १३ वर होतो. म्हणजे मुलीला मराठी आवडत नाही, ती हट्टी आहे, शाळेने बिघडवली, यातलं काही शोधत बसायची गरजच नव्हती. आठ तास कमी पडत होते.

हे आठ तास नवे काढावे लागत नाहीत. आम्ही सकाळची अंघोळ आणि डब्याची वेळ मिळून अर्धा तास, पाळणाघरातून घरी चालत येतानाची २० मिनिटं, रात्रीच्या जेवणाची ४० मिनिटं आणि झोपतानाचा अर्धा तास एवढाच वेळ पक्का मराठीचा ठरवला. हे रोजचे दोन तास झाले, पाच दिवसांचे दहा. सुट्टीच्या दोन दिवसांत मिळून ११. गृहपाठाच्या तासाला हात लावला नाही. तो इंग्रजीतच राहू दिला.

मग आपलंच बोलणं ऐका

एका रात्री जेवताना मी मोबाइलवर २० मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. ऐकताना अंगावर काटा आला. "हँड्स वॉश कर. प्लेट पुश नको करू. फास्ट फिनिश कर. आता टीव्ही ऑफ कर, बुक्स अ‍ॅरेंज कर." हे सगळं मी बोलत होते, आणि मी याला मराठी म्हणत होते.

यातलं नक्की काय बिघडवतं ते नीट पाहायला हवं, कारण पालक नको त्या गोष्टीवर जोर लावतात. टेबल, बस, बॉटल, प्रोजेक्ट ही नावं मराठीत आली तर काही बिघडत नाही. मुंबईच्या मराठीत ती केव्हाच रुळली आहेत. मुलाने 'डबा' म्हटलं काय आणि 'टिफिन' म्हटलं काय. नुकसान होतं ते क्रियापदांचं. वॉश कर, फोल्ड कर, ओपन कर, कट कर, मिक्स कर असं दिवसभर ऐकणाऱ्या मुलाकडे मराठीचं एकच क्रियापद जमा होतं, ते म्हणजे 'कर'. मग त्याला मराठीत वाक्य करायचं म्हटलं तर करणार कशाचं? इंग्रजीत त्याच्याकडे शंभर क्रियापदं तयार असतात, तो तिकडे वळतो.

म्हणून आम्ही नावांचा नाद सोडला आणि क्रियापदं परत आणली. त्यासाठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही. रविवारी मटार सोलायला तिला घेऊन बसले. सोलणं, निवडणं, किसणं, चाळणं, मळणं, लाटणं, ढवळणं, गाळणं, विसळणं, यातल्या प्रत्येकाला हाताची वेगळी हालचाल आहे, त्यामुळे अर्थ सांगावाच लागत नाही. "हा किडका आहे, निवडून बाजूला टाक." "पीठ आधी चाळ, मग मळू." अंघोळीच्या वेळी चोळणं, घासणं, पुसणं, पिळणं, विंचरणं. आठवड्याला पाच-सहाच नवी क्रियापदं, पण ती रोज, आणि हातात वस्तू असताना. दोन महिन्यांनी ती बाबांना ओरडून सांगत होती, "बाबा, टॉवेल पिळून टाका, पाणी गळतंय!" त्यात टॉवेल इंग्रजी होता. मला चालणार होता.

नवऱ्याला वळवणं जास्त अवघड गेलं. तो मराठी शाळेत शिकलेला, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीला अडखळला, ती सल त्याच्या मनात अजून आहे. "माझं झालं ते तिचं व्हायला नको" म्हणून तो घरी तिच्याशी मुद्दाम इंग्रजीत बोलायचा. ही भीती खोटी नाही, तिला मोडीत काढून चालत नाही. मी त्याला दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे वही: आठवड्याचे पन्नासच्या वर तास तिला इंग्रजी आणि हिंदी मिळतच होती. दुसरी म्हणजे अ‍ॅनिक डे हाउवर यांची बेल्जियमच्या फ्लांडर्समधली पाहणी, २००७ साली प्रसिद्ध झालेली. सुमारे १,९०० कुटुंबं, घरी एक भाषा आणि शाळेत डच. त्यातली साधारण पाव घरांतली मुलं घरची भाषा बोलत नव्हती. पण आई आणि वडील दोघंही घरी तीच भाषा बोलत होते तिथे जवळजवळ सगळी मुलं बोलत होती. दोघांपैकी एकानेच बोलली तर यश बरंच खाली येतं. आमच्या दोघांची भाषा एक असताना एकाने माघार घेणं म्हणजे हातचं घालवणं होतं. त्याने जेवणाची वेळ आणि रविवार मराठीला दिला. आठवड्यातून दोनदा तो तिला इंग्रजी पुस्तक वाचून दाखवतो, ते त्याने सोडलं नाही आणि सोडूही नये.

मुंबईत आई मराठी आणि बाबा गुजराती किंवा मल्याळी अशी घरं खूप. तिथे प्रत्येकाने आपापल्या भाषेत बोलावं हे ठीक आहे, पण त्या घरात मराठीचे तास आपोआप भरत नाहीत. आजी-आजोबा, मावशी, शेजार यांच्याकडून ते जोडून घ्यावे लागतात.

उत्तर इंग्रजीत आलं, त्या क्षणी काय करायचं

सगळ्यात जास्त काम इथे असतं. एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेत इंग्रजी आणि नॉर्वेजियन अशा दोन भाषांत वाढणाऱ्या अगदी लहान मुलांच्या घरातले संवाद बारकाईने अभ्यासले. मूल 'दुसऱ्या' भाषेत बोललं की पालक जे करतात त्याच्या त्यांनी पायऱ्या लावल्या. एका टोकाला 'मला कळलं नाही' असा प्रतिसाद, मग अंदाज करून विचारणं, मग तेच आपल्या भाषेत म्हणणं, मग दुर्लक्ष करून गप्पा पुढे नेणं, आणि दुसऱ्या टोकाला आपणही मुलाच्या भाषेत जाणं. पहिल्या टोकाकडे मूल आपल्या भाषेत यायची शक्यता वाढते, दुसऱ्या टोकाकडे घरात दोन्ही भाषा चालतात असा संदेश जातो.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं बघा. जेवायला भेंडी आहे.

"आई, आय डोन्ट वॉन्ट धिस."

पूर्वी मी म्हणायचे, "व्हाय? इट्स सो टेस्टी." संपलं, आम्ही इंग्रजीत गेलो.

मग मी म्हणायला लागले, "भेंडी नकोय का?" यावर ती "हो" म्हणायची आणि सुटायची. हो-नाहीचा प्रश्न मुलाला बोलण्यातून मोकळं करतो, हे मला दोन आठवड्यांनी उमगलं. त्यानंतर मी दोन पर्याय द्यायला लागले.

"भेंडी नको की पोळी नको?"

"...भेंडी."

"भेंडी नको. बरं. कडक लागते की बुळबुळीत लागते?"

"बुळबुळीत. खूप बुळबुळीत!"

तिला हवा असलेला शब्द माझ्या प्रश्नातच होता, तिने तो उचलायचा एवढंच काम होतं. शब्द सापडत नाही म्हणूनच मूल इंग्रजीत जातं, तेव्हा तो पुरवून प्रश्न विचारायचा. आणि विचारल्यावर थांबायचं. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. आपण एक-दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो, मुलाला वाक्य जुळवायला त्याहून वेळ लागतो.

एक गोष्ट मी केली ती करू नका. "मला इंग्रजी कळत नाही" असं सोंग मी दोन दिवस आणलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यू आर अ टीचर." त्या रात्री ती जेवताना गप्प बसली. सोंगाने भाषा येत नाही, विश्वास मात्र जातो. "मला नीट ऐकू नाही आलं, मराठीत सांग ना" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

आणि मूल रडत असेल, तापलेलं असेल, बसमध्ये कोणी ढकललं ते सांगत असेल, तर त्या वेळी भाषेचा विषयच नाही. त्याला ज्या भाषेत येतंय त्या भाषेत ऐकायचं, आपण मराठीत जवळ घ्यायचं.

किती दिवस लागतात? आमच्याकडे पहिले तीन आठवडे काहीच हललं नाही. चौथ्या आठवड्यात एकेक शब्द यायला लागला, दुसऱ्या महिन्यात दोन-तीन शब्दांची वाक्यं, तीही ठरलेल्या वेळातच. स्वतःहून मराठीत गोष्ट सांगायला पाचवा महिना उजाडला. एक महिना करून "आमच्याकडे नाही जमत" म्हणणारे पालक मला भेटतात, ते बहुतेक चौथ्या आठवड्याच्या अलीकडे थांबलेले असतात.

चुका होतील, त्या कशा हाताळायच्या

मूल बोलायला लागलं की चुकीचं बोलतं, आणि इथे मोठी माणसं घात करतात.

लेक म्हणायची, "मी भात खाल्ले." ऐकायला विचित्र, पण त्यामागे तर्क आहे. मी गेले, मी आले, मी पडले, मग मी खाल्ले का नाही? मराठीत 'गेले' हे जाणारीप्रमाणे बदलतं, पण 'खाल्ला' हे भाताप्रमाणे: भात खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. हा नियम सांगून कळत नाही, ऐकून ऐकून बसतो. म्हणून "चूक, नीट बोल" न म्हणता बरोबर रूप आपल्या बोलण्यात परत द्यायचं: "भात खाल्लास? सगळा खाल्लास? आणि पोळी खाल्लीस की ठेवलीस?" तिला परत म्हणायला लावायचं नाही. ती तिचं पुढचं सांगत राहील.

'आम्ही' आणि 'आपण' यांचंही तसंच. इंग्रजीत 'वी' एकच, हिंदीत 'हम' एकच. त्यामुळे ही मुलं आपल्याच आईला विचारतात, "आम्ही बागेत जायचं का?" त्यावर एवढंच, "आपण ना? हो, आपण दोघी जाऊ." 'झाडवर' म्हणाली तर "झाडावर? कुठल्या झाडावर?" लिंगाच्या चुका सगळ्यात शेवटपर्यंत राहतात, विशेषतः 'ते' वापरायच्या जागा. त्यांची घाई करू नये.

एका लग्नात ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबा पडली." हास्याचा फवारा उडाला. प्रेमानेच हसले सगळे, पण पुढचे दोन तास जो येईल त्याला "सांग गं, आजोबा काय झाले?" असं चाललं होतं. त्यानंतर दहा-बारा दिवस तिने मराठीत तोंड उघडलं नाही. मेहनतीचे दोन महिने एका संध्याकाळी वाहून गेले. मी नंतर घरच्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं: तिच्या मराठीला हसायचं नाही, तिचं वाक्य दुसऱ्याला ऐकवायचं नाही, आणि ती इंग्रजी बोलली तर "वा, कसली फाडफाड बोलते" असं कौतुकही तिच्यादेखत नको. शेवटची गोष्ट लोकांना सगळ्यात जड जाते. मामाच्या घरी पोहोचताच "पोएम म्हणून दाखव" हे बंद व्हायला हवं.

मराठीवाचून अडलं पाहिजे

ज्या माणसाशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलताच येत नाही, त्याच्याशी मूल मराठीत बोलतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे सासूबाई. पण "आजीशी बोल" म्हणून फोन हातात दिला की "हॅलो, कशी आहेस, बाय" यापुढे गाडी जात नाही. काम द्या. "आजीला विचार, आंबोळीला तांदूळ किती आणि उडीद किती." "मांजरीला पिल्लं किती झाली, कोणत्या रंगाची?" तिला माहिती आणून मला सांगायची असायची, त्यामुळे प्रश्न, उत्तर, परत प्रश्न असं दहा मिनिटं चालायचं.

मे महिन्यात चिपळूणजवळच्या गावी तिला दोन आठवडे ठेवलं. पहिले दोन दिवस चुलत भावंडांनीच तिच्याशी इंग्रजी पाजळायला सुरुवात केली, ही अडचण मी धरली नव्हती. मग विटीदांडू सुरू झाला आणि इंग्रजी आपोआप मागे पडली. भांडण जुंपलं की भावंडं मराठीतच भांडतात.

वाचायला कधी आणि कसं शिकवायचं

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे. माझ्या पाहण्यात मात्र बराचसा तास फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, त्यामुळे वाचन घरीच धरावं लागतं. पहिलीत सुरू करायला हरकत नाही. दोन लिप्यांनी मुलं गोंधळत नाहीत; फक्त इंग्रजी वाचनाची वेळ आणि मराठीची वेळ वेगळी ठेवा. रोज दहा मिनिटं पुरतात.

अख्खी बाराखडी पाठ करून घेऊ नका. क, म, ल, न, स, ब, र एवढीच अक्षरं आणि काना घेतला तर पहिल्याच आठवड्यात बस, मन, काका, मामा, बाबा, नाक, कान, लाल, मला हे वाचता येतं आणि "मामा, बस" हे वाक्यही. मुलाला वाटतं, मला वाचता आलं. मग दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा घ्या. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा, कारण ती अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर वाचायची असते; इंग्रजीची सवय झालेलं मूल तिथे हमखास अडतं. मग उकार, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. ळ हे अक्षर वाचता आलं तरी उच्चार 'ल' येऊ शकतो. केळं, डोळा, माळ हे शब्द आरशासमोर जीभ मागे वळवून म्हणून घ्या, खेळ म्हणून.

पुस्तकांना पैसे लागतातच असं नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ebalbharati.in वर मोफत आहेत. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत. स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या मोफत संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर पानाला एक-दोनच वाक्यं असतात. जे मूल जेमतेम वाचतं त्याला झोपताना तुम्ही वाचून दाखवणं थांबवू नका. 'थबकला', 'हळूच डोकावली', 'कंटाळून निघून गेला' हे शब्द घरच्या बोलण्यात येत नाहीत, ते पुस्तकातूनच येतात.

पालकांच्या काळज्या

"दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो का?" नाही. दोन भाषांत वाढणं हे बोलण्याच्या उशिराचं कारण नसतं. मोजताना मात्र दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरायला हवेत. दोन वर्षांच्या मुलाला मराठीचे तीस आणि हिंदीचे पंचवीस येत असतील तर ते पंचावन्न आहेत, तीस नाहीत. पण याचीच दुसरी बाजू अशी की दोन भाषांचं निमित्त सांगून खरा उशीर झाकूही नये. वर्षाचं मूल बाबा-बाबा, दा-दा असे आवाज काढत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊनही "पाणी दे" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेलं बोलणं गेलं असेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आणि नायर रुग्णालयात श्रवण आणि वाचा तपासणी होते. उपचार घ्यावे लागले तरी घरची भाषा सोडायची गरज नसते.

"बाई म्हणाल्या, घरी इंग्रजी बोला." हे मला माझ्याच लेकीच्या ओपन हाऊसला ऐकावं लागलं आणि मी स्वतः शिक्षिका असूनही क्षणभर घाबरले. मग शांतपणे तीन गोष्टी विचारल्या: सूचना दिली की ती कळते का? खेळताना मुलांशी बोलते का? की फक्त वर्गात उत्तर देत नाही? नव्या भाषेत गेलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहून ऐकत असतं. सूचना कळत असतील तर ते शिकतंय. जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार शाळेतली बोलायची भाषा यायला साधारण दोन वर्षं लागतात, आणि अभ्यासाची, पुस्तकातली भाषा वयाच्या बरोबरीने यायला पाच ते सात. ही पाच-सात वर्षं घरी अडखळत्या इंग्रजीने भरून निघत नाहीत. बी कसं रुजतं, पाण्याची वाफ का होते, हे मुलाला मराठीत नीट समजलं तर वर्गात त्याला फक्त इंग्रजी शब्द शिकायचा उरतो. मी बाईंना तसं सांगितलं आणि पुढच्या धड्यांची नावं मागून घेतली. शनिवारी आम्ही तो धडा मराठीत आधीच बोलून ठेवायचो.

भाषांची सरमिसळ हा दोष नाही. मूल ती मोठ्यांचं ऐकूनच करतं, आणि समोरचा माणूस पाहून ते ती कमीही करतं. आजीशी बोलताना इंग्रजी शब्द कमी येतात का, एवढं बघा.

पुन्हा वही

जूनमध्ये सुरू केलं होतं, जानेवारीत परत एक आठवडा वही लिहिली. २० तास निघाले. मैत्रिणींशी ती अजून हिंदी-इंग्रजीतच खेळते, त्याला माझी हरकत नाही. माझ्याशी, बाबांशी आणि आजीशी मराठीत बोलते.

आकडे मात्र राहिलेत. सगळी इंग्रजी माध्यमाची मुलं इथे अडतात, कारण गणित इंग्रजीत असतं आणि मराठीत विसाच्या पुढे प्रत्येक संख्येला वेगळं नाव. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात त्रेपन्नला 'पन्नास तीन' म्हणायची रीत दिली तेव्हा केवढा वाद झाला होता. मला शिकवताना दोन्ही उपयोगी पडतात. आधी वीस, तीस, चाळीस हे दशक पक्के, मग 'चाळीस दोन' म्हणजे बेचाळीस. रोजच्या भाजीच्या हिशेबात दोन-तीनच आकडे.

परवा भांडुप स्टेशनबाहेर भाजीवालीने हिशेब केला, "एकोणचाळीस झाले, ताई." लेकीने माझा हात ओढला. "आई, एकोणचाळीस म्हणजे फॉर्टी नाइन?"

"एकोण म्हणजे एक उणा. चाळीसला एक कमी."

तिने बोटावर मोजलं, पर्समधून चाळीस काढून दिले आणि भाजीवालीला म्हणाली, "एक रुपया परत द्या."

घरी येताना तिने विचारलं, "मग एकोणसाठ म्हणजे साठला एक कमी?"